निवड झाल्यावर मागितलेली फी

दारव्हा तालुक्यातल्या एका मुलाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये चार मेसेज होते. नागपूर विमानतळावर ग्राउंड स्टाफ म्हणून तुमची निवड झाली, पगार 28,000. आधार आणि मार्कशीटचे फोटो पाठवा. रजिस्ट्रेशन फी 1,850 रुपये, पहिल्या पगारात परत. शेवटी क्यूआर कोड आणि ‘आज सहापर्यंत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.’

चॅटच्या वर विमान कंपनीचे नाव होते आणि मुलाचा सगळा भरवसा त्या नावावर होता. नंबर कुठे आहे, असे विचारल्यावर म्हणाला, “काका, तो तं मीच सेव्ह केला त्या नावानं.” म्हणजे कंपनीचे नाव त्याच्याच फोनने दाखवले होते. प्रोफाइलवरचा लोगो तर कोणीही लावू शकतो. समोर कोण बसले आहे, हे स्क्रीनशॉट कधीच सांगत नाही. काय मागितले आणि केव्हा मागितले, तेवढे मात्र त्यात नक्की वाचता येते.

यातले ‘केव्हा’ मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या मुलांना नोकरीसाठी पैसे भरण्याची सवयच आहे. 2023 च्या तलाठी भरतीला खुल्या प्रवर्गाची फी 1,000 रुपये होती, राखीवची 900. त्यामुळे 1,850 चा आकडा कोणाला खटकत नाही. पण ती फी परीक्षेची होती. रक्कम जाहिरातीत छापलेली, अर्ज करतानाच ठरलेल्या संकेतस्थळावर भरायची, आणि ती भरल्याने निवड होईल असे कोणी म्हणत नव्हते. इथे अर्ज नाही, मुलाखत नाही, आधी निवड आणि मग फी. निवड झालेल्या माणसाला कंपनी पगार देते, त्याच्याकडून मागत नाही. इंडिगो आणि टीसीएससारख्या कंपन्यांनी तर नोकरीसाठी आम्ही पैसे घेत नाही, असे जाहीरच केले आहे.

मी त्याला तो कोड स्कॅन करायला लावला, पिन न टाकता. खातेदार म्हणून कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव आले. मुलगा गप्प झाला, मग म्हणाला, “पण वापस भेटते म्हणते ना.” ‘परत मिळेल’ हा शब्द पुढच्या मागणीची तयारी असतो. 1,850 गेले की गणवेश येतो, मग ट्रेनिंग, मग डिपॉझिट. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो.

याचे पैसे वाचले. ज्याचे गेले असतील त्याने चॅट डिलीट करू नये. मूळ चॅट, तो नंबर आणि पेमेंटच्या तपशिलातला बारा आकडी यूटीआर हाताशी घेऊन लगेच 1930 ला फोन करावा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. रक्कम त्या खात्यातून पुढे सरकली नसेल, तोवरच ती थांबवता येण्याची आशा असते.