आयंबिलच्या ताटात नुसता भात नको



ओळी जवळ आली की आयंबिल खात्यात एक दृश्य हमखास दिसतं. डाळीने पोट जड होतं म्हणून कितीतरी जणी ताटात नुसता भात घेतात. एकधान्याची ओळी असेल तर गोष्ट वेगळी. पण साध्या आयंबिलात डाळ चालत असताना ती सोडणं मला पटत नाही.

प्रोटीन अमिनो आम्लांपासून बनतं आणि त्यातली नऊ अन्नातूनच मिळवावी लागतात. एखादं कमी पडलं तर बाकीची कितीही असोत, शरीराची बांधणी त्या कमी पडलेल्याच्या मापानेच होते. उरलेली इंधनासारखी जळून जातात. तांदळात लायसीन कमी असतं. मोठ्या माणसाला एक ग्रॅम प्रोटीनमागे ४५ मिलिग्रॅम लायसीन लागतं, तांदळात ते सुमारे ३७ मिळतं. म्हणजे तांदळाचा गुण साधारण ८२ टक्के. मुगाच्या डाळीत लायसीन सुमारे ७०, म्हणजे भरपूर. पण गंधक असलेली मेथिओनिन आणि सिस्टीन ही जोडी तिच्यात किंचित तोकडी, २२ हवी तिथे २० च्या आसपास. तांदळात हीच जोडी ४० च्या घरात असते.

आता ताट मांडू. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ८ ग्रॅम प्रोटीन, ३० ग्रॅम मूगडाळीत ७. एकत्र केल्यावर ग्रॅममागे लायसीन ५२ आणि ती जोडी ३१ होते. दोन्ही मापं ओलांडली, तीही दूध-दह्याशिवाय!

एरवी डाळ आणि भात एकाच घासात हवेत असं नाही. सकाळी भात, संध्याकाळी डाळ असली तरी दिवसभरात शरीर जमवून घेतं. आयंबिलात मात्र एकदाच बसायचं असतं. त्या बैठकीत डाळ राहिली की त्या दिवसाची राहिलीच.

पण गुण पूर्ण झाला म्हणजे प्रमाण पूर्ण झालं असं नव्हे. वरच्या ताटात १५ ग्रॅमच प्रोटीन आहे आणि ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ लागतं. निरोगी बाई नऊ दिवस हे निभावून नेते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या सुनेला मात्र सासूने आग्रह करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगाप्रमाणे एकधान्य करणाऱ्यांचे शेवटचे चार दिवस सलग तांदळाचे असतात. तो नियम मोडा असं मी म्हणणार नाही. पारण्यानंतर आठवडाभर मूगडाळीची घट्ट खिचडी करा, तांदूळ दोन वाट्या तर डाळ एक वाटी. आणि डाळ बाधते म्हणणाऱ्यांनी ती दोन तास भिजवून, पाणी टाकून, हिंग घालून अगदी मऊ शिजवून पाहावी.