आजार सांगावा, पण कोणाला आणि किती?

राहुरी तालुक्यात आरोग्य सेवक म्हणून मी बरीच वर्षे काम केले. निवृत्तीनंतरही लोक घरी येतात. मागच्या वर्षी असाच एक पस्तिशीतला कार्यकर्ता आला. एका कार्यालयात लिपिक, घरी आई, बायको आणि चार वर्षांचा मुलगा. तीन आठवडे खोकला होता, वजन उतरले होते. थुंकीची तपासणी झाली आणि टीबी निघाला. तो म्हणाला, "दादा, गोळ्यांची भीती नाही. कपाची भीती वाटते."

झाले असे की रिपोर्ट हातात पडला त्या संध्याकाळी त्याने मन हलके करायला चहाच्या टपरीवर एका सहकाऱ्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या कार्यालयाला कळले. त्याचा कप खिडकीत वेगळा ठेवला गेला. "त्यांच्या वस्तीत असतंच हे," असे कोणीतरी पाठीमागे बोलले. ज्यांच्या आजोबांनी वेगळ्या कपातून चहा प्यायला आहे, त्या घरातल्या माणसाला खिडकीतला कप काय सांगतो, हे आपल्या वाचकांना वेगळे समजवायला नको.

मग काय, आजार लपवायचा? नाही. टीबी लपवून चालत नाही. पण सांगण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, असे माझे मत आहे: मी सांगितले तर या माणसाला काही करता येणार आहे का? ज्याला काही करायचे आहे, त्याला त्याच्या कामापुरते पूर्ण आणि खरे सांगावे. ज्याला नुसते ऐकायचे आहे, त्याला सांगण्याची गरज नाही. आम्ही त्या दिवशी कागद घेऊन बसलो आणि याच प्रश्नावर नावे लिहिली.

पहिली नावे घरातली. टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो तेव्हा उडणारे जंतू बंद खोलीत बराच वेळ सोबत राहणाऱ्याच्या श्वासातून आत जातात. म्हणून आई, बायको आणि मुलाची तपासणी हवी. ज्यांना आजार नाही त्यांनाही प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात, आणि पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तर उशीर करूच नये. आईला धक्का बसेल म्हणून तो तिला सांगणार नव्हता. पण रात्री नातू तिच्याच कुशीत झोपत होता. तिला सांगावेच लागले.

दुसरी नावे कार्यालयातली, पण फक्त दोन. ज्या छोट्या खोलीत तो बसायचा तिथे आणखी दोघे दिवसभर सोबत असत. त्यांना खोकला, ताप, वजन घटणे असे काही आहे का हे पाहून तपासणी करणे गरजेचे होते. त्यांना त्यानेच सांगितले, आणि सोबत तपासणी कुठे मोफत होते तेही सांगितले. टपरीवरून कळले असते तर ते दोघे घाबरले असते. थेट कळल्यामुळे ते रुग्णालयात गेले.

तिसरे नाव साहेबांचे. साहेबांना रोगाचा इतिहास नको असतो, तारखा हव्या असतात. साध्या टीबीत औषध नियमित सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याचा धोका खूप कमी होतो. म्हणून त्याने सुरुवातीची चौदा दिवसांची रजा मागितली आणि लिहून दिले की उपचार सहा महिन्यांचा आहे, डॉक्टरांनी परवानगी दिली की कामावर येईन, तपासणीच्या दिवशी उशीर होईल. रजेच्या अर्जाला जोडलेल्या प्रमाणपत्रावर रोगाचे नाव असतेच. ते बंद पाकिटात साहेबांच्या हातात दिले. हीच गोष्ट लोक विसरतात. रिपोर्टचा फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून "आज येऊ शकत नाही" असे लिहितात. तो फोटो मग आयुष्यभर फिरतो. ग्रुपवर फक्त "रजेवर आहे" एवढे पुरते.

बाकी सगळ्यांसाठी एक ठरलेले वाक्य: "औषध सुरू आहे, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली आहे." कोणी खोदून विचारले तरी तेच वाक्य, तेवढ्याच शांतपणे. नवे काही मिळाले नाही की विचारणारा थकतो. शासकीय नोंदणीची त्याला धास्ती होती. रुग्णाची नोंद आरोग्य विभागाकडे होते, कार्यालयाला त्यातून काही कळवले जात नाही. पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात तेही त्या नोंदीमुळेच. आशाताईंचे घरी येणे शेजाऱ्यांच्या नजरेत येईल असे वाटत असेल, तर उपकेंद्रात भेटण्याची विनंती करता येते.

आणि कप? ताट, कप, कपडे यांतून टीबी पसरत नाही. हे त्याने स्वतः सांगितले असते तर सफाई वाटली असती. म्हणून आम्ही साहेबांना विनंती केली आणि आरोग्य कर्मचाऱ्याने कार्यालयात येऊन सगळ्यांना टीबीची सर्वसाधारण माहिती दिली, त्याचे नाव न घेता. काहींनी कप परत आत घेतला. दोघांनी शेवटपर्यंत घेतला नाही. सगळे सुधारते असे मी म्हणणार नाही.

प्रत्येक आजाराला हाच हिशेब लावला की उत्तर वेगळे येते. एचआयव्ही सोबत बसून, खाऊन, काम करून पसरत नाही. म्हणजे कार्यालयात कोणालाच काही करायचे नसते. 2017 च्या कायद्यानेही संमतीशिवाय कोणाची ही माहिती उघड करायला मनाई केली आहे. याउलट, ज्याला फिट येतात त्याने शेजारच्या एका भरवशाच्या माणसाला, त्या वेळी काय करायचे ते, नक्की सांगून ठेवावे.

पैशाचेही तसेच. त्या कार्यकर्त्याच्या डोक्यावर पतसंस्थेचे कर्ज होते आणि बिनपगारी रजेमुळे दोन हप्ते चुकणार होते. हे सगळ्यांना सांगून सहानुभूती मिळाली असती, हप्ता भरला गेला नसता. पण जामीनदार सहकाऱ्याला सांगणे भाग होते, कारण थकबाकी झाली तर वसुली त्याच्या पगारातून होऊ शकते. त्याला रोगाचे नाव नाही सांगितले, हप्त्यांची तारीख सांगितली. तो स्वतः पतसंस्थेत सोबत आला.

बाबासाहेबांचे एक पत्र मला इथे आठवते. 10 ऑगस्ट 1951 रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले की प्रकृती चिंताजनक आहे, डॉक्टरांना दीर्घ उपचार करायचे आहेत, म्हणून हिंदू कोड बिल लवकर हाती घ्यावे. आजार सांगितला, तो निर्णय घेऊ शकणाऱ्याला आणि कामापुरता. तरीही राजीनाम्यानंतर, आजारपणामुळे पद सोडले हा समज त्यांना स्वतःच्या निवेदनात खोडून काढावा लागला. एवढ्या मोठ्या माणसाच्या आजाराचाही लोक वेगळा अर्थ लावतात, तर आपल्या बाबतीत काय होईल?

मन मोकळे करायला माणूस लागतोच. पण तो माणूस शक्यतो कार्यालयाबाहेरचा असावा: बहीण, जुना मित्र, डॉक्टर. सहा महिने गोळ्या पूर्ण झाल्या तेव्हा तो पुन्हा आला. वजन भरले होते. मुलाच्या प्रतिबंधक गोळ्याही संपल्या होत्या. टपरीवरच्या त्या सहकाऱ्यासोबत तो आजही चहा पितो. "पण आता त्याच्याशी पावसाचंच बोलतो," म्हणाला आणि हसला.