बँकेचा संदेश ग्राहकाच्या भाषेत यावा : भारतीय रिझर्व्ह बँकेस खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.

विषय : संशयास्पद बँक-संदेशांचे मराठी भाषांतर, त्यांच्या शब्दरचनेतील धोक्याच्या खुणा आणि बँकांच्या संदेशांची भाषा.

महोदय,

बँकेच्या नावाने इंग्रजी संदेश आला की महाराष्ट्रातील कितीतरी खातेदार त्याचा स्क्रीनशॉट, म्हणजे मोबाइलच्या पडद्याचे जसेच्या तसे टिपलेले चित्र, मुलाला, भाचीला किंवा ओळखीच्या शिक्षकांना पाठवतात आणि त्यात काय लिहिले आहे एवढेच विचारतात. उत्तरादाखल मिळणारे भाषांतर बरोबर असूनही खातेदाराची फसवणूक होऊ शकते. असे का घडते आणि त्यावरचा उपाय रिझर्व्ह बँकेच्या हाती कसा आहे, हे मांडणे हा या पत्राचा हेतू आहे.

अशा संदेशांचा साचा आता परिचित झाला आहे. विवेचनासाठी रचलेला, पण त्या साच्याशी प्रामाणिक असा एक नमुना पुढे दिला आहे.

```
Dear Customer, your Bank A/c will be
BLOCK today night. PAN not updated.
Update immediately:
http://abcd.bank.in.pan-kyc.example
```

घाईत केलेले भाषांतर असे होईल : ‘प्रिय ग्राहक, आपले बँक खाते आज रात्री बंद करण्यात येईल. आपला पॅन अद्ययावत केलेला नाही. तो त्वरित अद्ययावत करावा.’ अर्थाच्या दृष्टीने यात चूक नाही. परंतु मूळ वाक्यातील मोडके व्याकरण, मध्येच मोठ्या लिपीत आलेला शब्द आणि घिसाडघाई या सर्वांवर शुद्ध मराठीचा हात फिरला आहे, आणि त्यामुळे हा संदेश मुळाहून अधिक अधिकृत वाटू लागला आहे. म्हणून संशयास्पद संदेशाच्या भाषांतरात मजकुराच्या अर्थाबरोबरच त्यातील दोष आणि उणिवाही नोंदवल्या गेल्या पाहिजेत.

पहिली खूण संबोधनातच आहे. खात्यातून रक्कम गेल्याचे कळवताना बँक सहसा खाते क्रमांकाचे अखेरचे काही अंक, रक्कम, दिनांक आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक देते, कारण हा तपशील तिच्याजवळ असतो. नमुन्यात बँकेचे नावही नाही आणि खात्याचा एकही अंक नाही. हजारो क्रमांकांवर एकच मजकूर पाठवणाऱ्याला हा तपशील ठाऊक नसतो. मात्र या खुणेला मर्यादा आहे : चोरलेल्या माहितीच्या आधारे नाव आणि अंक घालूनही बनावट संदेश तयार करता येतो, त्यामुळे तपशील नसणे संशयास्पद असले तरी तपशील असणे हा खरेपणाचा पुरावा ठरत नाही.

दुसरी खूण मुदतीची आहे. केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख व पत्ता यांची पडताळणी, ठरावीक काळाने नव्याने करावी लागते आणि हा काळ खात्याच्या जोखमीनुसार जास्तीत जास्त दोन, आठ किंवा दहा वर्षांचा असतो. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये केलेल्या सुधारणेनुसार मुदत संपण्यापूर्वी बँकेने किमान तीन पूर्वसूचना द्यायच्या असतात आणि त्यांपैकी किमान एक पत्राने पाठवायची असते. म्हणजे ज्या कामासाठी नियम वर्षांची भाषा बोलतो, त्याच कामासाठी नमुन्यातील संदेश काही तासांची भाषा बोलतो. ही तफावत भाषांतरकाराने स्पष्ट सांगितली, तर ‘आज रात्री’ या दोन शब्दांतली भीती बरीचशी ओसरते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण लिंकमध्ये, म्हणजे दाबताच संकेतस्थळ उघडणाऱ्या पत्त्यात, असते. लिंकचे भाषांतर होत नाही, म्हणून ती बहुधा तशीच सोडून दिली जाते. वस्तुतः तीच सर्वांत काळजीपूर्वक वाचायला हवी. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी `.bank.in` हा राखीव पत्ता आणला आणि त्यावर स्थलांतर करण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. नमुन्यात ही अक्षरे आहेत, पण ती मध्ये आहेत. पत्ता कोणाच्या मालकीचा हे ओळखण्यासाठी सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली तिरपी रेघ येते तेथपर्यंतचा भाग घ्यावा, आणि तशी रेघ नसेल तर पत्ता शेवटपर्यंत घेऊन उजवीकडून डावीकडे वाचावा. या भागाचा शेवट `.bank.in` असा असेल तरच तो त्या राखीव क्षेत्रातला असतो. नमुन्यातील पत्त्याचा शेवट `pan-kyc.example` असा आहे, म्हणून त्याच्या डावीकडे लिहिलेले सारे केवळ सजावट आहे.

चौथी खूण स्क्रीनशॉटमध्ये बहुधा कापली जाते, ती म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव. भारतात बँकांच्या एसएमएसला नोंदणीकृत हेडर, म्हणजे अक्षरांचे संक्षिप्त नाव, असते आणि सेवाविषयक वा व्यवहारविषयक संदेशात त्याच्या शेवटी `-S` किंवा `-T` असे अक्षर येते. साध्या दहा अंकी क्रमांकावरून आलेली बँकेची धमकी म्हणूनच संशयास्पद ठरते. भाषांतर करणाऱ्याने प्रथम पूर्ण पडद्याचे चित्र मागवावे आणि लिंक स्वतःही उघडून पाहू नये. शंका उरल्यास खातेदाराने पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर बँकेशी बोलावे.

महोदय, या चारही खुणा ओळखण्याचा भार आज पूर्णपणे खातेदारावर आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाचे दायित्व मर्यादित केले हे खरे. परंतु गोपनीय माहिती इतरांना देण्यासारख्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास, बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाने सोसावा, असेही त्यात म्हटले आहे. ज्याला बँकेचा खरा संदेशच कधी त्याच्या भाषेत मिळाला नाही, ज्याच्या दृष्टीने खरा आणि खोटा हे दोन्ही संदेश सारखेच अनाकलनीय इंग्रजी आहेत, त्याच्या गैरसमजाला निष्काळजीपणा म्हणणे न्याय्य नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की, खाते उघडताना ग्राहकाने निवडलेल्या भाषेतच सर्व सूचना पाठवणे बँकांना बंधनकारक करावे. इंग्रजी एसएमएसच्या एका भागात १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत ७० च मावतात आणि त्यामुळे खर्च वाढतो, हा आक्षेप वस्तुनिष्ठ आहे. परंतु तो खर्च ग्राहकाच्या बुडालेल्या ठेवीशी तोलून पाहावा. दुसरी विनंती अशी की, केवायसीच्या स्मरण-संदेशाचा मजकूर सर्व बँकांसाठी एकच ठरवावा, त्यात लिंक मुळीच नसावी आणि त्याचा मराठी नमुना प्रत्येक शाखेत लावावा, म्हणजे स्क्रीनशॉट पाहणाऱ्यास तो कशाशी ताडून पाहायचा हे कळेल. त्याच फलकावर हेही लिहावे की, माहिती दिली गेलीच असेल तर त्याच क्षणी बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर फसवणूक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वीच अडवता येतात.

या विनंत्यांवरील निर्णय मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध व्हावा, अशी अपेक्षा आहे.

कळावे,
मराठी खातेदारांच्या वतीने एक अनुवादक