अंगठा पाठवण्याआधी चॅट वाचा!

अमरावती-अकोल्याच्या लग्नघरांनो, तुळशीचं लग्न लागलं की हॉल, आचारी आणि बँडमागे आपली धावपळ सुरू होते. त्यातच फोटोग्राफरचा लांबलचक मेसेज येतो. तुम्ही तो अर्धाच वाचता आणि अंगठा पाठवून मोकळे होता. थांबा! तो अंगठा म्हणजे होकार ठरू शकतो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात 2023 साली कोर्टाने जवसाच्या सौद्यात अशाच अंगठ्याला सही मानलं. आपल्याकडेही करार निव्वळ मोबाइलवर झाला म्हणून रद्द ठरत नाही.

समजा, मेसेज असा आहे: "पॅकेज 90,000. बुकिंगला 30,000, परत मिळणार नाहीत. लग्नाच्या दिवशी 50,000. सिलेक्शननंतर 45 दिवसांत अल्बम. करेक्शन एकदाच. फोटो प्रमोशनसाठी वापरू."

हिशेब करा. लग्नाच्या रात्रीच 80,000 गेले, हातात उरले 10,000. अल्बम रखडला तर तेवढ्यावर किती जोर लावाल? म्हणून आताच म्हणा: 30 बुकिंगला, 30 लग्नात, 30 अल्बम हाती आल्यावर. आणि विचारा, तुम्हीच आला नाहीत तर अॅडव्हान्स पूर्ण परत देणार ना? उत्तर फोनवर मिळालं तरी चॅटमध्ये लिहून घ्या.

आता ते 45 दिवस पाहा. ते लग्नापासून नाहीत, सिलेक्शनपासून आहेत. निवडायला फोटो कधी मिळणार, हे कुठेच नाही! तीन महिन्यांनी मिळाले तर मोजणी तिथून सुरू. आजोबा अल्बमची वाट पाहत बसतील आणि फोटोग्राफर मात्र शब्दाला जागलेलाच असेल. दोन्ही तारखा मागा.

करेक्शन एकदाच आहे, तर दोन्हीकडच्यांना विचारून एकच यादी द्या. मामाकडची मंडळी विसरली की वाद ठरलेलाच.

शेवटची ओळ सगळ्यात हलकी वाटते, पण जपायची तीच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक तुम्हीच, पण वेगळं ठरलं नसेल तर! "कॉपीराइट स्टुडिओचा" याला होकार दिलात, तर तो हक्क सोडलात. "प्रमोशनसाठी वापरू" याला दिलात, तर मालकी राहील, पण पोरीचे हळदीतले फोटो आणि चिखलदऱ्याचं प्री-वेडिंग रीलवर दिसलं तर बोलायला तोंड उरणार नाही. फोटोग्राफरलाही नमुने दाखवावे लागतात, हे खरं. तेव्हा सरसकट नाही म्हणू नका, मर्यादा घाला.

चॅट आजच एक्स्पोर्ट करून घरातल्या दोघांकडे ठेवा. डिसअपिअरिंग मेसेज सुरू असतील तर बंद करा. तंटा झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगात साधारण दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि तिथे हीच चॅट मागतील.

आणि आज रात्रीच हा मेसेज टाका: "दादा, पैसे 30-30-30. सगळे फोटो लग्नानंतर 15 दिवसांत, अल्बम सिलेक्शननंतर 45 दिवसांत. तुमच्याकडून रद्द झालं तर अॅडव्हान्स पूर्ण परत. कॉपीराइट आमचा. आम्ही होकार दिलेलेच फोटो टाका, हळदीचे आणि लहान लेकरांचे नाही. मान्य असेल तर 'मान्य' असं लिहा."