विश्लेषण: ४० एमबीपीएसचा प्लॅन घरात नेमका किती जणांना पुरतो?

रात्री नऊची वेळ. हॉलमध्ये टीव्हीवर सिनेमा, आतल्या खोलीत ऑफिसची मीटिंग, कुणाच्या तरी फोनवर मॅच. मध्येच मीटिंगमधला आवाज तुटायला लागतो आणि घरात एकच निष्कर्ष निघतो, 'नेट स्लो आहे, प्लॅन वाढवा.' कंपनीचा माणूसही फोनवर तेच सांगतो. मोठ्या प्लॅनला महिन्याला ३०० रुपये जास्त पडत असतील, तर १८ टक्के जीएसटी धरून ते ३५४ होतात आणि वर्षाला ४,२४८. एवढे पैसे देण्याआधी पाच मिनिटं बेरीज-वजाबाकी करून पाहायला हरकत नाही.

हिशेब कसा मांडायचा?

आधी एकक नीट समजून घेऊ. प्लॅनवर लिहिलेला एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून ४० एमबीपीएसच्या कनेक्शनवर फाइल जास्तीत जास्त सेकंदाला ५ मेगाबाइट या वेगाने उतरते. 'प्लॅन ४० चा आणि डाउनलोड ५ नेच होतंय' अशी तक्रार अनेक जण करतात. ते ५ मेगाबाइट असतील, तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय.

दुसरी गोष्ट, जाहिरातीतल्या 'अप टू'ची. तो कमाल वेग असतो. सरकारी व्याख्येचं म्हणाल, तर २०२३ पासून किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग असला की त्या कनेक्शनला ब्रॉडबँड म्हणता येतं! त्यामुळे हिशेबात पूर्ण ४० धरू नका. पाचवा हिस्सा राखीव ठेवा, म्हणजे हाती ३२ उरतात.

आता खर्चाची बाजू. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस आणि फोर-के व्हिडिओला १५ एमबीपीएस लागतात. झूमवर ७२०पी दर्जाच्या ग्रुप कॉलला खाली येताना १.८ आणि वर जाताना २.६ एमबीपीएस लागतात. सोयीसाठी अनुक्रमे २ आणि ३ धरू. रील्स सलग बघणाऱ्या फोनला ३ धरले तरी चालतील.

समजा, घरात एका टीव्हीवर फोर-के सिनेमा सुरू आहे (१५), एका फोनवर फुल एचडी मॅच (५), दोन खोल्यांत दोन मीटिंग (४) आणि दोन जण रील्स बघतायत (६). बेरीज ३०. म्हणजे सहा जण एकाच वेळी नेट वापरत असूनही ४० चा प्लॅन पुरतो. मॅचसुद्धा मोठ्या टीव्हीवर फोर-केमध्ये लावली, तर बेरीज थेट ४० वर जाते आणि मग खरंच पुरत नाही. दुसरा फोर-के टीव्ही आला की मोठ्या प्लॅनचा विचार करायला अर्थ आहे. त्याआधी सहसा नाही.

मग मीटिंग का अडकते?

कारण या यादीत एक पाहुणा धरलेलाच नाही, तो म्हणजे डाउनलोड. सिनेमा ठरावीक वेगाने डेटा घेतो आणि थांबतो. डाउनलोडला अशी मर्यादा नसते. जेवढी जागा मोकळी दिसेल तेवढी तो व्यापतो. मुलाने ६० जीबीचा गेम उतरवायला लावला, तर ४० एमबीपीएसवर त्याला कमीत कमी ३ तास २० मिनिटं लागतील आणि तेवढा वेळ इतरांच्या वाट्याला ओढाताण येईल. सिनेमा ती सहन करतो, कारण पुढचा काही भाग त्याने आधीच साठवलेला असतो. फार तर चित्राचा दर्जा थोडा उतरतो. कॉलकडे अशी साठवण जवळपास नसते. समोरचा आत्ता बोललेला शब्द दोन सेकंदांनी पोहोचून उपयोग नाही, म्हणून पहिला फटका कॉललाच बसतो.

यावर उपाय फुकट आहे. स्टीमसारख्या गेम अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये डाउनलोडचा वेग बांधून ठेवता येतो. पण सिनेमा, मॅच आणि मीटिंग मिळून २४ जात असतील, तर शिल्लक ८ एमबीपीएसवर तोच गेम उतरायला १६ तास ४० मिनिटं लागतील. त्यापेक्षा रात्री सगळे झोपल्यावर लावलेला बरा.

अपलोडकडे कुणी बघतच नाही

वरची सगळी बेरीज खाली येणाऱ्या डेटाची झाली. कॉलमध्ये मात्र तुमचा चेहरा आणि आवाज वर जात असतो. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दोन्ही दिशांचा वेग सारखा असतो, तिथे अडचण कमी. पण काही केबल कनेक्शनवर आणि ५जीवरच्या बिनतारी घरगुती कनेक्शनवर अपलोड बऱ्याचदा खूप कमी मिळतो. समजा तो ५ एमबीपीएस आहे. पाचवा हिस्सा राखीव ठेवला की उरले ४, आणि मीटिंगला हवेत ३. म्हणजे डाउनलोडचा आकडा ४० असो वा १००, नीट चालणारी मीटिंग एकच.

त्यात भर पडते फोटोंच्या बॅकअपची. लग्नाहून घरी आलात, फोन चार्जिंगला लावला, वाय-फाय मिळालं आणि २० जीबीचे व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढायला लागले. ५ एमबीपीएस अपलोडवर हे काम जवळपास ९ तास चालतं. कुणी काही 'लावलेलं' नसतं, त्यामुळे संशय कंपनीवर जातो. अपलोडचा रस्ता असा भरला की राउटरपाशी डेटाची रांग लागते आणि त्या रांगेत कॉलचे तुकडेही अडकतात.

हे ओळखायची सोपी खूण आहे. fast.com उघडा, चाचणी संपली की Show more info दाबा. तिथे Latency खाली Unloaded आणि Loaded असे दोन आकडे दिसतील. पहिला मोकळ्या लाइनवरचा विलंब, दुसरा भरलेल्या लाइनवरचा, दोन्ही मिलिसेकंदांत. पहिला १० आणि दुसरा ३० असेल तर चिंता नको. दुसरा ३०० च्या घरात असेल, तर वेगाचा आकडा कितीही छान दिसला तरी कोणीतरी मोठं डाउनलोड किंवा अपलोड सुरू केलं की तुमचा कॉल तुटणार. अशा वेळी बॅकअप रात्रीवर ढकला. राउटरमध्ये क्यूओएस नावाची सोय असेल, तर मीटिंगच्या लॅपटॉपला प्राधान्य देता येतं.

प्लॅन वाढवण्याआधीची एक चाचणी

लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा. मग तोच लॅपटॉप मीटिंगच्या खोलीत नेऊन वाय-फायवर मोजा. दोन्ही वेळा बाकीच्यांचं नेट बंद हवं, नाहीतर आकड्यांची तुलना होणार नाही. केबलवर ४० आणि खोलीत १२ आले, तर त्या खोलीपुरता तुमचा प्लॅन १२ चा आहे आणि राखीव हिस्सा वजा करून साडेनऊचा. दोन भिंतींपलीकडच्या या १२ चे १०० चा प्लॅन घेऊनही १२ च राहतील. तिथे राउटरची जागा बदलणं, २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्‌झचा बँड निवडून पाहणं किंवा सरळ केबल ओढणं, यांपैकी काहीतरी करावं लागेल. केबलवरसुद्धा वारंवार १५-२० च आले, तर मात्र कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि सोबत त्या चाचण्यांचे वेळेसह स्क्रीनशॉट जोडा.