काउंटर ऑफरला चार वाक्यं पुरतात

दुसरीकडे होकार दिलेल्या माणसाला जुनी कंपनी पगार वाढवून थांबवू पाहते, तेव्हा त्याने तीन-चार ओळींचा निरोप धाडून मोकळं व्हावं, हे माझं म्हणणं पुष्कळांना उद्धट वाटतं. त्यांचा पक्ष आधी नीट मांडतो, कारण तो अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, ज्या मॅनेजरने चार वर्षं सांभाळून घेतलं, ज्याने वरपर्यंत जाऊन जास्तीचे पैसे मंजूर करून आणले, त्याला चार ओळींत वाटेला लावणं बरं दिसत नाही. कारणं सांगावीत, मोकळेपणाने सांगावीत, त्यातून कंपनीही काही शिकेल. आणि मुळात नकार देण्याआधी आकडे तरी पाहावेत. पैसे जास्त मिळत असतील तर घाई कशाची?

पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या एचआर विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत आणि टेबलाच्या पलीकडे बसून असे प्रस्ताव तयार केले आहेत. या आग्रहातला भलेपणा मला दिसतो. पण प्रस्ताव कसा शिजतो हे पाहिल्यावर लांब उत्तराची शिफारस करणं मला जमत नाही.

आकड्यांपासूनच सुरुवात करू. हिंजवडीतली एक सॉफ्टवेअर इंजिनिअर घ्या. उदाहरण प्रातिनिधिक आहे आणि हिशोब सोपा जावा म्हणून रकमा गोल केल्या आहेत. तिचा सीटीसी १४ लाख. नव्या कंपनीने १८ लाखांचं पत्र दिलं, त्यात १६.५ लाख फिक्स्ड आणि १.५ लाख व्हेरिएबल. तिने ते स्वीकारलं आणि ३ मार्चला राजीनामा दिला. नोटीस ६० दिवसांची. तिसऱ्या दिवशी जुन्या कंपनीने १९ लाखांचा प्रस्ताव ठेवला. वरवर पाहता लाखभर जास्त. आत पाहिलं तर फिक्स्ड १५.५ लाख, व्हेरिएबल २ लाख आणि उरलेले १.५ लाख रिटेन्शन बोनस, तोही एकदाच मिळणारा आणि बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर परत करायचा. म्हणजे दरमहा खात्रीने हातात पडणाऱ्या पगारात नवी नोकरी वर्षाला लाखभराने पुढे, महिन्याला ८,३०० रुपयांच्या आसपास. दुसऱ्या वर्षी बोनस संपला की जुन्या कंपनीचा एकूण आकडाही साडेसतरावर येतो. बोनसची आणखी एक खोच अशी की तो हातात येतो कर कापून, पण अनेक पत्रांत वसुलीची अट असते ती कर कापण्याआधीच्या पूर्ण रकमेची.

तेव्हा आकडे पाहा, जरूर पाहा. त्याला अर्धा तास लागतो. दोन दिवस लागतात ते मन वळवून घ्यायला.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. काउंटर ऑफर घेऊन थांबलेली बहुतेक माणसं सहा महिन्यांत जातातच, असा एक टक्केवारीसह आकडा भरतीच्या धंद्यात वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो ज्या अभ्यासातून आला तो अभ्यास मला अजून कोणी दाखवलेला नाही. आणि तो सांगणाऱ्या एजन्सीला तिची फी बहुधा उमेदवार नव्या जागी रुजू झाल्यावरच मिळते, हेही विसरू नये. तसंच ‘हे पैसे आधी का दिले नाहीत?’ हा सवाल. ऐकायला झणझणीत, पण बहुतेक वेळा अन्यायकारक. मॅनेजरच्या हातात एप्रिलच्या मूल्यमापनात ठरावीक टक्क्यांचाच गल्ला असतो. त्या चक्राबाहेरची मंजुरी राजीनामा आल्याशिवाय वर मागणं सहसा जमत नाही. त्याने पैसे दडवून ठेवले नव्हते, त्याला ती खिडकी उघडायला तुमच्या राजीनाम्याचाच कागद लागला.

पण याच व्यवस्थेमुळे प्रस्तावाचं खरं मोल कळतं. जागा रिकामी झाली की बदली माणूस शोधायला महिना-दीड महिना जातो. तो मिळाला तरी त्याचीही नोटीस साठ-नव्वद दिवसांची असते. तोवर क्लायंटचं काम आणि त्याचं बिलिंग अडतं. हा खर्च वाढीव पगाराशी तोलला जातो आणि वाढ स्वस्त पडते. शिवाय ती वाढ पुढच्या एप्रिलच्या गल्ल्यातून वळती होते. ‘तुझं करेक्शन नुकतंच झालंय’ हे वाक्य एचआरमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे, म्हटलेलंही आहे. यात कोणी खलनायक नाही. पण यातला आकडा तुमच्या कामाचा नसून रिकाम्या खुर्चीचा आहे.

आता कारणांकडे. कारणं सांगावीत म्हणणाऱ्यांना वाटतं की कारण हे स्पष्टीकरण आहे. समोर बसलेल्याच्या दृष्टीने ती मागणी असते, आणि मागण्या पुरवणं हेच त्याचं त्या आठवड्यातलं काम असतं. आमच्या इंजिनिअरने लिहिलं असतं की कोथरूडहून हिंजवडीला जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात, तर आठवड्यातून दोन दिवस घरून कामाची तयारी दाखवली गेली असती. क्लाउडचं काम शिकायचंय म्हटलं असतं तर ‘जूनपासून त्या टीममध्ये घेऊ.’ बढती रखडली म्हटलं असतं तर ‘पुढच्या सायकलला तुझंच नाव आहे.’ तिन्ही आश्वासनं तोंडी. पण प्रत्येकाला तिला नव्याने ‘नाही’ म्हणावं लागलं असतं, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत ज्याने एवढं देऊ केलं त्याच्यापुढे तीच हट्टी ठरली असती.

आणि एवढं करून खरं कारण सांगितलं जातंच असंही नाही. नोटीसचे दिवस पुढे आहेत, रिलीव्हिंग लेटर याच माणसांच्या हातून निघायचंय, फुल अँड फायनलचा हिशोब व्हायचाय. अशा वेळी कोण लिहिणार की मॅनेजर मीटिंगमध्ये अपमान करतो? मग सौम्य, बनावट कारण लिहिलं जातं, आणि वाटाघाट त्या बनावट कारणावर सुरू होते. कंपनीला शिकवायचंच असेल तर शेवटच्या आठवड्यात एक्झिट इंटरव्ह्यू असतो, तिथे बोलावं. तिथे बोललेलं निदान कोणाचं मन वळवण्यासाठी वापरलं जात नाही.

तिचा निरोप असा होता. मूळ इंग्रजीत, राजीनाम्याच्याच ईमेलला उत्तर म्हणून, मॅनेजरला आणि एचआरला एकत्र गेलेला. मराठीत तो असा वाचता येईल:

‘सर, तुम्ही माझ्यासाठी हा प्रस्ताव मंजूर करून आणलात, त्याबद्दल मनापासून आभार. मी दुसरीकडे होकार दिला आहे आणि तो कायम आहे, त्यामुळे हा प्रस्ताव स्वीकारत नाही. ३ मार्चच्या राजीनाम्यानुसार माझा शेवटचा कामाचा दिवस ३० एप्रिल राहील. पेमेंट मॉड्यूलच्या हँडओव्हरचा आराखडा शुक्रवारपर्यंत पाठवते.’

पहिल्या वाक्यात आभार आहेत ते खटपटीचे, रकमेचे नाहीत. रकमेची स्तुती केली की ती आणखी वाढवण्याचा मोह होतो. दुसऱ्या वाक्यात ‘सध्या’, ‘जवळजवळ ठरलंय’ असं काही नाही, आणि नव्या कंपनीचं नाव किंवा पगारही नाही. चौथं वाक्य मॅनेजरच्या खऱ्या चिंतेला हात घालतं, कारण उद्या क्लायंटला काय सांगायचं हीच त्याची चिंता असते. पण सगळ्यांत महत्त्वाचं तिसरं, आणि तेच लोक गाळतात. पोर्टलवर राजीनाम्याला मॅनेजरची मंजुरी लागते. ‘विचार करून सांगते’ म्हणालात की ती मंजुरी लटकते, आणि आठ-दहा दिवसांनी नोटीस नेमकी कोणत्या तारखेपासून धरायची यावर वाद उभा राहतो. नवी कंपनी ४ मेला वाट पाहत असेल तर हे आठ दिवस तुमच्या खिशातून जातात, कारण नोटीसचे कमी पडलेले दिवस पैसे भरून सोडवावे लागतात. तिच्या बाबतीत साठावा दिवस १ मे, महाराष्ट्र दिन, सुट्टीचा. म्हणून तिने ३० एप्रिल ही तारीख स्वतःच लिहिली आणि एचआरने लगेच दुजोरा दिला. तारीख चुकली असती तरी लेखी आल्यामुळे त्याच दिवशी दुरुस्त झाली असती.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. ज्याच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलं त्याला नकार आधी ईमेलवर कळू नये. पाच मिनिटं समोर बसून, नाहीतर फोनवर हेच सांगावं, आणि मग त्याच दिवशी लेखी पाठवावं. नुसत्या बोलण्यावर थांबू नये, कारण ‘ती अजून विचार करतेय’ असा त्याचा अर्थ वरती पोचवला जाऊ शकतो. त्यानंतर वरच्या साहेबांचं बोलावणं येतंच. जावं, चहा घ्यावा, आणि दुसरं वाक्यच पुन्हा म्हणावं. नवीन वाक्य तयार करायला जाऊ नये.

ज्यांचा प्रश्न खरोखर फक्त पगाराचा आहे त्यांना हे लागू नाही. त्यांनी राजीनामा देण्याआधी, दुसरीकडे होकार कळवण्याआधी, सरळ पगार मागावा. होकार गेल्यावर गोष्ट बदलते. नव्या कंपनीने जागा बंद केलेली असते, रांगेतल्या दुसऱ्या उमेदवाराला नाही कळवलेलं असतं. ऐनवेळी गळणारे उमेदवार आपल्याकडे इतके झालेत की आता मुलाखतीतच विचारतात, काउंटर ऑफर आली तर काय कराल? तिथे ‘घेणार नाही’ म्हणून सांगितलेलं असतं.

राहिली उद्धटपणाची गोष्ट. पुढे कधी पार्श्वभूमी तपासणी झाली की जुन्या एचआरला एक प्रश्न हमखास येतो: या व्यक्तीला पुन्हा घ्याल का? त्याचं उत्तर देताना फाइल उघडली जाते. तक्रारींची दोन पानं असलेली फाइल आणि आभार, तारीख, हँडओव्हर असलेली फाइल, यांतली कोणती वाचणाऱ्याला उद्धट वाटते ते मी पाहिलं आहे. नव्या कंपनीने रुजू होण्याआधीच ऑफर मागे घेतली, असंही मंदीच्या दिवसांत घडतं. तेव्हा जुन्या मॅनेजरला फोन करायला जागा लागते. चार ओळी लिहून गेलेल्याला ती असते, कारण त्याने मागे खोडून काढण्यासारखं काही लिहिलेलंच नसतं.