कांद्याचे उळे आणि माश्यांचे भाडे

कांदा महागला की त्याच्या दराची चर्चा घरोघरी होते. पण ज्या उळ्यापासून तो कांदा होतो, ते उळे कसे तयार होते हे फारच थोड्यांना ठाऊक असते. जालना-बुलढाण्याकडे बियाण्याच्या कांद्याचे प्लॉट पाहत मी बराच हिंडलो आहे. तेव्हापासून माझे मत झाले आहे, की खते, औषधे, मजुरी यांच्याबरोबर मधपेटीचे भाडेही शेतकऱ्याने खर्चाच्या वहीत पहिल्या पानावरच मांडले पाहिजे.

मक्याला असली पेटी लागत नाही. त्याच्या तुऱ्यातून लक्षावधी परागकण झडतात, सुटे आणि कोरडे. वारा ते नेईल तिकडे नेतो. खाली कणसाचे लांब केस ते झेलायला बाहेर लोंबत असतात. एका केसाला एक कण मिळाला की एक दाणा भरतो. भाजलेल्या कणसात मध्येच बोळकी दिसतात, तिथल्या केसांपर्यंत बहुधा पराग पोचलेला नसतो. ही पद्धत उधळपट्टीची खरी, पण वाऱ्याला मजुरी द्यावी लागत नाही.

कांद्याचा कारभार अगदी वेगळा. बियाण्यासाठी राखलेले कांदे हिवाळ्याच्या तोंडाशी लावले, की त्यांना डेंगळे येतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांवर पांढरे गोंडे फुलतात. एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. यांचा पराग चिकट, त्यामुळे तो वाऱ्यावर फारसा जात नाही. शिवाय प्रत्येक फुलात नर भाग आधी पिकतो. त्याचा पराग सांडून गेल्यावर, दोन-तीन दिवसांनी, त्याच फुलातला मादी भाग पराग घेण्याजोगा होतो. म्हणजे घरातला नवरदेव निघून गेल्यावर नवरी मांडवात येते! दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून दिल्याशिवाय बी धरत नाही आणि हे काम मुख्यतः मधमाश्या करतात.

हे काम झाले की नाही, ते नखाने तपासता येते. कांद्याच्या प्रत्येक बोंडात तीन कप्पे असतात आणि कप्प्यात दोन, अशी जास्तीत जास्त सहा बिया धरण्याची सोय असते. तीनशे फुलांचा गोंडा धरला तर कागदावर अठराशे बिया होतात. ग्रॅमला साधारण तीनशे बिया बसतात, म्हणजे त्या सहा ग्रॅम झाल्या. सगळे कप्पे कधीच भरत नाहीत, हे मान्य. पण बोंडे उकलून पाहावीत. सरासरी चार बियांची असेल, तर गोंड्यामागे चार ग्रॅम मिळतात; दोनच असतील, तर निम्मे पीक शेतातच गेले. गोंडा बाहेरून मात्र दोन्ही वेळा सारखाच डौलदार दिसतो.

मग पेटी आणून ठेवली की झाले, असे नव्हे. कांद्याचा मकरंद माशीला फारसा आवडत नाही. त्यात पोटॅशियम जास्त असते आणि ऊन तापले की तो घट्ट होतो. शेजारी कोथिंबीर किंवा मोहरी फुललेली असेल, तर माश्या खुशाल तिकडे जातात. म्हणून पेट्या फार लवकर आणू नयेत. दहा टक्के फुले उमलली की, रात्रीच्या वेळी, एकरी दोन-तीन पेट्या मांडाव्यात. आधी आणल्या तर माश्यांना दुसऱ्या फुलांची सवय लागते. हिमाचलातले सफरचंदवाले बागा फुलताना भाड्याच्या पेट्या आणतात, त्यांनाही हीच वेळ साधावी लागते.

भाडे ठरवताना नुसत्या पेट्या मोजण्याची पद्धत मला मान्य नाही. झाकण उघडून पाहावे. दहा चौकटींच्या पेटीत आठ चौकटी माश्यांनी झाकलेल्या असतील आणि आत अळ्या वाढत असतील, तर ती कामाची पेटी. अळ्यांना पराग भरवायचा असतो, म्हणून माश्या तो गोळा करायला बाहेर पडतात. तीन चौकटींची पेटी दिसायला पेटीच असते, पण तिच्यात शेतावर जाणारे मजूर कुठून असणार?

खरा घोटाळा होतो तो फवारणीत. डेंगळ्यावर फुलकिडे आले की शेतकरी घाबरतो आणि ऐन फुलोऱ्यात, भर दुपारी पंप उचलतो. नेमक्या त्याच वेळी माश्या शेतात असतात. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी करावा. नंतर नाइलाजच झाला, तर माशीला कमी घातक औषध, सूर्य मावळल्यावर आणि पेटीवाल्याला आगाऊ सांगून. फवाऱ्याची ही अट भाड्याच्या करारात लेखी हवी. नाहीतर पेटीवाला पुढच्या वर्षी येत नाही, शेजाऱ्याच्या शेतावरही नाही.

काही गावांत माश्या उरल्या नाहीत म्हणून बायका हाताला तलम कापड गुंडाळून गोंडे कुरवाळत फिरतात. फुले तीन-चार आठवडे टप्प्याटप्प्याने उमलत राहतात, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा करावे लागते. त्या मजुरीचा हिशेब मांडून मग पेटीचे भाडे महाग वाटते का, ते पाहावे.